मलईची वर्गणी

माझ्या फ्रिजमध्ये तीन प्रकारचं क्रीम असतं आणि या तिन्हींतला फरक लोकांना समजावून सांगताना माझा घसा बसतो. मी इंदिरानगरच्या मागच्या कॉलनीत राहते, घरून केक करते. केकच्या धंद्यात केक करणं हा सगळ्यात सोपा भाग आहे. अवघड भाग म्हणजे गिऱ्हाईक. "मॅडम, क्रीम कमी लावा हं, फॅट असते," असं सांगणारी बाई केक न्यायला येते तेव्हा तिच्या दुसऱ्या हातात वडापावची पिशवी असते. मी क्रीम कमी लावते, मग ती फोन करून म्हणते की केक कोरडा लागला.

तर तीन क्रीम. पहिलं म्हणजे किराणा दुकानात मिळतं ते फ्रेश क्रीमचं खोकं. त्यात फॅट पंचवीस टक्क्यांच्या आसपास. पनीरच्या भाजीत घाला, फ्रूट सॅलडमध्ये घाला, छान लागतं. पण फेटायला घ्याल तर मशीन जळेल आणि खोक्यातलं क्रीम जसं होतं तसं राहील. दुसरं दुधाचंच व्हिपिंग क्रीम, पस्तीस टक्क्यांच्या पुढचं. ते थंडगार असेल तर फुगतं. तिसरं ते बर्फासारखं गोठलेलं खोकं, जे शहरातल्या बहुतेक केकवर असतं आणि ज्याला सगळे लोक श्रद्धेनं "फ्रेश क्रीम केक" म्हणतात. त्यात दूध नसतं. वनस्पती तेलाची घट्ट केलेली चरबी, साखर आणि हवा धरून ठेवणाऱ्या चारदोन गोष्टी. फॅट दुसऱ्यापेक्षा कमी, फुगतं मात्र तिन्हींत जास्त. जगात ज्याच्यात कमी असतं तेच जास्त फुगतं हे मला क्रीममुळे कळलं असं नाही, पण खात्री क्रीमनं पटवली.

या तिघांच्या खालच्या कप्प्यात एक स्टीलचा डबा असतो. त्यात मलई असते. तो डबा सासूबाईंचा आहे आणि त्याला माझा हात लागलेला त्यांना चालत नाही. रोज दूध तापवायचं, निवू द्यायचं, वरची साय पळीनं उचलायची आणि डब्यात टाकायची, हे काम त्या स्वतः करतात. गुडघे दुखत असले तरी करतात. दूध तापवायला मी ठेवलं तर म्हणतात, "तुझ्या हातानं साय येत नाय." साय हाताला बघून येते हे त्यांचं शास्त्र. माझं शास्त्र वेगळं आहे, पण घर त्यांचं आहे.

जयंती जवळ आली तेव्हा या सगळ्याची सुरुवात झाली. जयंती म्हटल्यावर आमच्या कॉलनीत कोणाची ते विचारावं लागत नाही. दर वर्षी विहारात वंदना होते, भाषणं होतात आणि शेवटी मोठा केक कापतात. केक आतापर्यंत मेन रोडवरच्या बेकरीतून यायचा. गेल्या वर्षी आला तो निळाशार होता आणि त्याचं क्रीम टाळूला मेणबत्तीसारखं चिकटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले आणि घरी जाऊन गरम पाण्यानं चुळा भरल्या. सासूबाई तर तिथल्या तिथेच बोलल्या होत्या, "डालडा हाय हा." ज्यांना ऐकू यायला नको होतं त्यांनाही ऐकू गेलं.

म्हणून यंदा महिला मंडळाची बैठक बसली. मंडळाच्या सचिवबाई महापालिकेत क्लार्क आहेत आणि कोणत्याही विषयाची बैठक घेतल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. ठरलं असं की केक यंदा मी करायचा. कॉलनीतली बाई असताना बाहेरून कशाला. माझ्या छातीत जरा कुठे हवा भरत होती, तेवढ्यात सासूबाई उठल्या. त्या मंडळात सहसा बोलत नाहीत, मागे भिंतीला टेकून बसतात. म्हणाल्या, विकतचं क्रीम नको. सगळ्या घरांनी आपापल्या घरची मलई द्यायची आणि त्याचाच केक करायचा. खिरीला नाही का, कोणी तांदूळ देतं, कोणी गूळ देतं, तसं.

सगळ्यांना ही कल्पना इतकी आवडली की दोन बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मलईची वर्गणी. असा केक अख्ख्या नाशकात कोणी केला नसेल, असं सचिवबाई म्हणाल्या. ते खरं होतं. कोणी केला नव्हता, कारण मलई फेटून फुगत नाही.

हे मी उठून सांगितलं. माझ्या आयुष्यातल्या काही मोजक्या चुकीच्या वेळांपैकी ती एक. सचिवबाईंनी मला लगेच विचारलं की तुझ्या त्या चांगल्या क्रीममध्ये फॅट किती. मी म्हटलं, पस्तीस टक्के. आणि मलईत? मी म्हटलं, तसं सांगता येत नाही, घरोघरी वेगळी, पण चांगल्या मलईत चाळीस, कधी निम्म्याच्या आसपासही असते. "मग तर ती जास्तच फुगायला पाहिजे," असं त्या म्हणाल्या आणि बायकांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, तसं नसतं, नुसत्या टक्क्यावर नसतं, बेकरीवाल्यांच्या त्या गोठलेल्या खोक्यात फॅट कमीच असते तरी ते फुगतं. त्यावर सचिवबाईंनी हिशेब जुळल्यासारखा चेहरा केला. म्हणजे जास्त फॅटचं फुगत नाही, कमी फॅटचं फुगतं, मग तू मघापासून टक्के कशाला सांगते आहेस?

उत्तर माझ्याकडे होतं, ऐकायला कोणी नव्हतं. तरी मी दामटून सांगितलं, कारण मी तशी आहे. थंड क्रीम फेटलं की त्यात हवेचे बुडबुडे शिरतात. क्रीममध्ये चरबीचे बारीक बारीक सुटे गोळे असतात, ते त्या बुडबुड्यांभोवती जमतात आणि एकमेकांना अर्धेमुर्धे चिकटून भिंत बांधतात. चरबी कमी पडली तर भिंतीला विटा पुरत नाहीत, म्हणून पंचवीसवालं फुगत नाही. शिवाय ते खोक्यात भरण्याआधी त्यातले गोळे कारखान्यात आणखी बारीक केलेले असतात आणि प्रत्येकावर दुधातल्या प्रथिनांचा थर बसलेला असतो, त्यामुळे ते एकमेकांना चिकटायलाच तयार नसतात. क्रीम गरम झालं तर विटाच वितळतात. आणि मलईचं दुखणं उलटं. तिच्यात चरबी भरपूर, पण दूध उकळताना आणि निवताना ते गोळे सायीच्या पापुद्र्यात आधीच एकमेकांना धरून बसलेले असतात. सुटे उरलेलेच नसतात तर बुडबुड्याभोवती कोण उभं राहणार? फेटायला घेतली की ती सरळ लोणी व्हायला निघते.

"मग त्या खोक्यातल्या कमी फॅटवालीचं काय?" सचिवबाई काही सोडत नव्हत्या. मी म्हटलं, तिची चरबी मुद्दाम तशी कडक बनवलेली असते आणि वर हवा पकडायला मसाला घातलेला असतो. ती फुगण्यासाठीच जन्माला आलेली असते. इथे एक बाई हसली, कारण तिला वाटलं मी कोणाबद्दल तरी बोलते आहे.

आणि मग मी शेवटचं वाक्य बोलले. म्हटलं, शिवाय बऱ्याच घरांत पिशवीचं टोन्ड दूध येतं, त्या मलईला फॅटच लागत नाही, ती घेऊन उपयोग काय. ज्यांच्याकडे म्हशीचं दूध येतं त्यांचीच घेऊ.

सासूबाई भिंतीपासून सरळ झाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "ज्याच्या घरून येईल त्याची घ्यायची. परत कोणाचीच पाठवायची नाय. केक फुगो नाय तर खड्ड्यात जावो." एवढं बोलून त्या चप्पल घालून घरी गेल्या. ठराव मंजूर झाला. खड्ड्यात जाण्याची जबाबदारी अर्थातच माझ्यावर सोपवण्यात आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरी प्रात्यक्षिक मांडलं. सासूबाई ओट्याजवळ स्टुलावर बसल्या, माझी परीक्षा घ्यायला बसल्यासारख्या. आधी मी फ्रेश क्रीमचं खोकं फेटलं. मशीन गरम झालं, माझा खांदा भरून आला, भांड्यात जरा फेस आलेली लस्सी तयार झाली आणि थोड्या वेळात तो फेसही बसला. मग दुधाचं व्हिपिंग क्रीम फेटलं. भांडं, पाती, क्रीम, सगळं फ्रिजमधून काढलेलं. बघता बघता ते घट्ट झालं आणि भांडं उलटं केलं तरी पडलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "हां." मग मी त्यांच्याच डब्यातली वाटीभर मलई मागितली. त्यांनी ती स्वतःच्या हातानं काढून दिली, जरा कमीच दिली. ती फेटली तर आधी दाट झाली, मग रवाळ झाली, मग एकदम फुटली आणि ताकाचे शिंतोडे माझ्या चष्म्यावर उडाले. भांड्यात लोण्याचे गोळे तरंगत होते.

मी म्हटलं, बघितलंत? आता असं करू. सगळ्यांची मलई घेऊ, कोणालाच नाही म्हणायचं नाही. तिचं तूप कढवू, ते खिरीत घालू. केकवर मात्र हे विकतचं दुधाचं क्रीम लावू. दुधाचंच आहे, डालडा नाही. कोणाला कळणार आहे?

मला वाटलं होतं की मी फार शहाणपणाचं बोलले आहे. सासूबाईंनी भांड्यातला लोण्याचा गोळा बोटानं दाबून पाहिला. मग त्या जे बोलल्या ते त्यांनी याआधी मला कधी सांगितलं नव्हतं. मलाच काय, त्यांच्या मुलालाही नव्हतं.

त्यांचं सासर निफाडच्या बाजूचं. गावाभोवती द्राक्षबागा आणि ऊस, सगळं दुसऱ्यांचं. यांच्या दारात दोन म्हशी. लग्न होऊन गेल्यावर सकाळी दूध काढून संकलनाच्या ओट्यावर न्यायचं काम नव्या सुनेचं. ओट्यावरचा माणूस सगळ्यांचं दूध मोठ्या कॅनमध्ये ओतून घ्यायचा. यांची पाळी आली की कॅन भरलेला असायचा. उद्या या म्हणायचा. उद्याही कॅन भरलेलाच. मग ओट्यावर फॅट मोजायचं मशीन आलं, दुधाला जेवढी फॅट लागेल तेवढा भाव. लोक म्हणाले, आता बरं झालं, मशीन आकडा बोलेल, कोणाचं काही चालणार नाही. सासूबाईंनाही तसंच वाटलं होतं. त्या दिवशी त्यांनी दुधाची कासंडी घासून लख्ख केली, दूध फडक्यातून दोनदा गाळलं आणि रांगेत उभ्या राहिल्या.

"त्यानं नळीत माझं दूध घेतलंच नाय," त्या म्हणाल्या. "लांबूनच कासंडीत बघितलं. म्हनला, याला फॅट लागत नाय. न मोजता. माझ्या म्हशीचं दूध, पोरी, त्यात बोट बुडवलं तर बोटाला धरून राहायचं. खाली वघळायचं नाय."

परत आणलेल्या दुधाचं काय करायचं? तापवायचं, साय काढायची, लोणी करायचं, तूप कढवायचं. माझा नवरा शाळेत शिक्षक आहे आणि बालपणाचा विषय निघाला की कौतुकानं सांगतो, आमच्या घरी गरिबी होती पण तूप भरपूर असायचं, भाकरीवर थापून खायचो. मी ते इतक्यांदा ऐकलं आहे की मला पाठ झालं होतं. भरपूर का असायचं हे त्याला ठाऊक नाही. मलाही त्या दिवशी दुपारी ओट्यापाशी कळलं.

मला त्या माणसाचा राग आला, जो मी पाहिलेला नाही आणि आता बहुधा मेला असेल. त्याहून जास्त लाज मला माझी वाटली, कारण बैठकीत मी उभी राहून नेमकं त्याचंच वाक्य बोलले होते. मी विज्ञान सांगत होते. तोही विज्ञानच सांगत होता. मी सासूबाईंना सॉरी म्हटलं, तर त्या म्हणाल्या, आता ते फुटलेलं ताक फेकू नको, मीठ-जिरं घालून दे. आमच्या घरात माफी अशी मागतात आणि अशी देतात.

त्या रात्री मी अंथरुणात पडून विचार वगैरे केला नाही. मला झोप लागली. सकाळी सासूबाई दूध तापवत होत्या, तेव्हा सरळ गोष्ट डोक्यात आली. मलईला फुगायचं नसतं, तिला लोणी व्हायचं असतं. मग होऊ दे. लोण्यात पिठीसाखर घालून फेटलं की तेही हवा धरतं, हलकं होतं, पांढरं होतं, केकवर बसतं. बटरक्रीम म्हणतात त्याला. बाजारच्या पिवळ्या बटरचं मी कित्येकदा केलं होतं. घरच्या लोण्याचं करायला फक्त ते नीट धुवावं लागणार होतं आणि उन्हात सांभाळावं लागणार होतं. एप्रिलमध्ये, नाशकात, विहारात, जिथे कूलर एकच आहे आणि तो पाहुण्यांकडे तोंड करून ठेवतात.

जयंतीच्या आदल्या सकाळी विहाराच्या पडवीत सतरंजी टाकून मी पातेलं घेऊन बसले. सचिवबाई शेजारी देखरेखीला. बायका डबे घेऊन येऊ लागल्या आणि मला एका दिवसात कॉलनीतल्या सगळ्या फ्रिजची माहिती झाली. एका मलईला कांद्याचा वास होता. एक इतकी आंबट होती की तिला विरजण म्हणणंही सभ्यपणाचं ठरलं असतं. एकीत चहाची पत्ती सापडली. एका काकूंनी मलई कमी पडते म्हणून तिच्यात पेलाभर दूध ओतून आणलं होतं, डबा मात्र भरलेला दिसत होता. गाईची मलई पिवळट, म्हशीची पांढरी, आणि प्रत्येकीचा दावा की माझ्या मलईनंच केकला चव येणार. मी सगळ्यांना हो म्हटलं. नंतर सासूबाईंनी आपला डबा आणला आणि पातेल्यात रिकामा केला, बोटानं निपटून. मग त्या पायरीवर बसून राहिल्या.

आमच्या शेजारी एक इमारत बांधायला घेतली आहे. तिथला वॉचमन आणि त्याची बायको सुरगाण्याकडचे. भात काढून झाला की कामाला शहरात येतात आणि पाऊस लागला की गावी परत जातात. यंदा ते अर्ध्या बांधलेल्या जिन्याखाली राहत होते. कॉलनीच्या जेवणाला त्यांना बोलावतात. ती बाई आली. तिच्या हातात वाटी होती आणि वाटीवर बशी झाकलेली. आत एवढीशी साय, इतकी पातळ की वाटीचा तळ दिसत होता. तिच्याकडे फ्रिज नाही, म्हणजे साय त्याच सकाळची होती.

सचिवबाई माझ्या कानाशी वाकल्या आणि हळू आवाजात, पण पडवीभर ऐकू जाईल असं म्हणाल्या, हिचं पिशवीचं दूध, यात काय असणार, उगाच पाणी होईल. बाईनं ते ऐकलं. तिनं बशी परत वाटीवर ठेवली आणि हसल्यासारखं करून म्हणाली, "राहू द्या ताई. थोडीच आहे."

मी पायरीकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती, सासूबाईंची नजर मला मानेवर जाणवत होती. मी हात पुढे केला.

"आणा इकडे," मी म्हटलं. "न मोजता कसं कळणार?"

मी ती साय बोटानं निपटून पातेल्यात घातली, वाटी विसळली, ते पाणीही पातेल्यात गेलं आणि वाटी तिच्या हातात परत दिली. सचिवबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना म्हटलं की टक्क्यांचं गणित आता माझं मी बघते, तुम्ही बर्फाचं बघा. बर्फ आणायचा म्हटल्यावर त्यांना काम मिळालं आणि त्या खूश झाल्या.

मलई घरी आणून थंड केली आणि दुपारी आमच्या स्वयंपाकघरात घुसळायला घेतली. बघायला अर्धं मंडळ आलेलं. मशीन सुरू झालं आणि मलई दाट होऊ लागली, तशा सचिवबाई ओरडल्याच की बघ, फुगतंय की, तू उगीच घाबरवत होतीस. मला पुढच्या क्षणाची वाट बघायची होती, आणि तो आलाच. पातेल्यातलं सगळं एकाएकी रवाळ झालं, फुटलं, पाणी सुटलं. दोन बायकांनी पदर तोंडाला लावला. कोणीतरी म्हणालं, गेलं सगळं. मी बर्फाचं पाणी ओतत म्हटलं, गेलं नाही, आलं. असे संवाद बोलायची संधी आयुष्यात कमी वेळा येते, मी ती सोडत नाही.

ताक बाजूला काढलं. लोणी बर्फाच्या पाण्यात पुन्हा पुन्हा धुतलं, पाणी नितळ होईपर्यंत. कांद्याचा वास गेला, आंबट वास बराचसा गेला, चहाची पत्ती दिसेनाशी झाली, तिचं काय झालं ते मी शोधलं नाही. सासूबाईंनी लोणी तळहातानं दाबून दाबून त्यातलं पाणी काढलं, हे काम त्यांच्याइतकं कोणाला जमलं नसतं आणि त्यांनी ते कोणाला करूही दिलं नाही. मग चाळलेली पिठीसाखर, चिमूटभर मीठ, व्हॅनिला. फेटत गेले तसं ते पांढरं होत गेलं आणि भांड्यात वर चढत आलं. आता कुठे त्यानं हवा धरली. ताकात मीठ-जिरं घालून मंडळाला दिलं आणि मंडळ ते पिऊन घरी गेलं.

निळ्या रंगाचा प्रश्न राहिला होता. गाईचं लोणी पिवळट, त्यात निळा रंग घातला की काय होतं ते चित्रकलेच्या पहिल्या तासाला शिकवतात. सचिवबाईंना संध्याकाळी सजवलेल्या केकचा फोटो पाठवला तर त्यांचा लगेच फोन आला, हा हिरवा आहे. मी म्हटलं, रात्रभर फ्रिजमध्ये राहिला की रंग गडद होतो. तसा तो झाला. निळा म्हटलं तर निळा, मोरपंखी म्हटलं तर मोरपंखी. मी जाहीरपणे निळा म्हटलं.

जयंतीच्या संध्याकाळी केक मी शेवटच्या क्षणापर्यंत विहाराशेजारच्या घरातल्या फ्रिजमध्ये ठेवला होता. वंदना झाली, केक टेबलावर आणला आणि तेव्हाच प्रमुख पाहुण्यांना दोन शब्द बोलायची विनंती केली गेली. त्यांना दोन शब्द म्हणजे किती हे माहीत नसावं. ते शिक्षणावर बोलले, संघटनेवर बोलले, मग स्वतःच्या शिक्षणावर बोलू लागले. कूलर त्यांच्याकडे होता. केक कूलरच्या पाठीमागे होता. विकतच्या गोठलेल्या क्रीमचा असता तर तो उन्हातही पाहुण्यांसारखाच ताठ उभा राहिला असता. हे आमच्या घरचं लोणी होतं, उकाड्यात माणसाला होतं तेच त्याला होत होतं. कडेच्या नक्षीला चकाकी येऊ लागली. मी नवऱ्याला खूण केली, त्यानं नेहमीप्रमाणे ती ओळखली नाही.

सासूबाई पहिल्या रांगेत होत्या. त्या उठल्या, साडी सावरली आणि हात जोडून म्हणाल्या, "साहेब, केक वितळतो." पाहुणे थांबले. टाळ्या पडल्या, भाषणासाठी की थांबण्यासाठी ते सांगता येणार नाही.

केक कापला. कॉलनीच्या रिवाजाप्रमाणे कागदी प्लेटी सगळीकडे फिरल्या, जिन्याखालच्या त्या बाईपर्यंतही, तिच्या मुलीनं तर दोनदा घेतला. टाळूला काही चिकटलं नाही. किंचित आंबूस चव होती, मी म्हटलं की ती मुद्दाम ठेवली आहे. प्रत्येकीला आपल्याच घरच्या मलईची चव लागली आणि तसं प्रत्येकीनं मला येऊन सांगितलं. पेलाभर दूध ओतणाऱ्या काकूंनी सगळ्यात आधी सांगितलं.

मी सासूबाईंची प्लेट त्यांना नेऊन दिली आणि शेजारी बसले. त्यांनी चमचा बाजूला ठेवला. केकवरचं क्रीम एका बोटावर घेतलं आणि बोट डोळ्यांजवळ उभं धरून बराच वेळ बघत राहिल्या. क्रीम बोटाला धरून होतं, खाली ओघळलं नाही. मग त्यांनी ते खाल्लं, सावकाश, आणि समोर बघतच म्हणाल्या, "लागली फॅट."